वक्राला पीळ पडतो तेव्हा: की रेट ड्युरेशन काढायचे कसे आणि वाचायचे कसे

दोन पोर्टफोलिओ घ्या, प्रत्येकी १०० कोटी रुपयांचे. पहिल्यात सगळा पैसा १० वर्षांच्या एकाच रोख्यात आहे. दुसऱ्यात जवळजवळ निम्मा पैसा २ वर्षांच्या रोख्यात आणि निम्मा ३० वर्षांच्या रोख्यात. दोघांचे मॉडिफाइड ड्युरेशन, म्हणजे दर १ टक्क्याने वाढला तर किंमत साधारण किती टक्के घसरेल तो आकडा, अगदी सारखे, ७.०२. सगळ्या मुदतींचे व्याजदर एकदम १० बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.१० टक्क्याने, वाढले तर दोघांना सारखाच, सुमारे ७० लाखांचा फटका बसेल. पण २ वर्षांचा दर खाली गेला, ३० वर्षांचा वर चढला आणि मधले दर जेमतेम हलले, तर पहिल्याला ३३ लाख आणि दुसऱ्याला एक कोटीहून जास्त तोटा होऊ शकतो. ड्युरेशनचा एकच आकडा पाहणाऱ्याला या फरकाची चाहूलही लागत नाही.

असा पीळ बाजारात नेहमी पडतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.५० टक्क्यांवर आणला. लहान मुदतीचे दर त्यामागोमाग उतरले, पण जूननंतर लांब मुदतीचे दर उलट वर सरकले. डिसेंबर २०१९ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने मुद्दामच एकाच वेळी लांब मुदतीचे रोखे विकत घेतले आणि लहान मुदतीचे विकले. यील्ड कर्व्हचा, म्हणजे मुदतीनुसार व्याजदर दाखवणाऱ्या वक्राचा, आकार बदलावा हाच तिचा हेतू होता. अशा वेळी रोख्याची एकूण संवेदनशीलता कळून भागत नाही. ती वक्राच्या कोणत्या भागाशी किती बांधलेली आहे हेही कळावे लागते. त्यासाठी थॉमस हो यांनी १९९२ मध्ये की रेट ड्युरेशनची मांडणी केली. त्यांनी ३ महिन्यांपासून ३० वर्षांपर्यंत ११ मुदती निवडल्या होत्या. आपण इथे चारच घेऊ: २, ५, १० आणि ३० वर्षे. गणित डोळ्यांसमोर राहावे, एवढाच त्यामागचा उद्देश.

तंबूची कल्पना

निवडलेल्या प्रत्येक मुदतीला की रेट म्हणायचे. एक की रेट हलवायचा आणि बाकीचे तीन जागेवर ठेवायचे. ५ वर्षांचा दर १ बेसिस पॉइंटने वाढवला तर ५ वर्षांवर पूर्ण १ पॉइंट वाढ होते. तिथून डावीकडे २ वर्षांपर्यंत आणि उजवीकडे १० वर्षांपर्यंत ती सरळ रेषेत उतरत शून्य होते. आकृती काढली तर तंबू दिसतो. म्हणजे ७ वर्षांच्या दराला या धक्क्याचा ३/५ भाग मिळतो. उरलेला २/५ भाग त्याला १० वर्षांचा तंबू हलवल्यावर मिळतो.

दोन्ही टोकांचे तंबू अर्धे असतात. २ वर्षांच्या अलीकडच्या सगळ्या मुदतींना २ वर्षांचा धक्का पूर्ण लागतो आणि ३० वर्षांच्या पलीकडच्यांना ३० वर्षांचा. हे काटेकोर पाळले की कोणत्याही मुदतीवर सगळ्या तंबूंची बेरीज १ येते. चारही दर एकदम हलवले की समांतर बदल मिळतो, आणि म्हणूनच सगळ्या की रेट ड्युरेशनची बेरीज एकूण ड्युरेशनइतकी भरते. पुढे केलेले प्रत्येक गणित तपासायला हीच बेरीज उपयोगी पडते.

१० वर्षांच्या रोख्याचे गणित

७ टक्के व्याजाचा १० वर्षांचा रोखा घ्या. शून्य-कूपन दर, म्हणजे त्या मुदतीला एकरकमी येणाऱ्या पैशाला लागणारा दर, सगळ्या मुदतींना ७ टक्के धरा, म्हणजे किंमत बरोबर १०० येईल. भारत सरकारच्या रोख्यांवर व्याज सहामाही मिळते, पण इथे ते वार्षिक धरले आहे. सहामाही केल्याने ओळी दुप्पट होतात, रीत तीच राहते.

पहिल्या पायरीला प्रत्येक वर्षी येणाऱ्या रकमेचा एकूण ड्युरेशनमधला वाटा काढायचा. `z` हा त्या मुदतीचा शून्य-कूपन दर आणि `price` ही रोख्याची किंमत धरली तर `t` वर्षांनी येणाऱ्या `cf` रकमेसाठी सूत्र असे:

```
t * cf / (1 + z)^(t + 1) / price
```

तिसऱ्या वर्षाच्या ७ रुपयांचा वाटा ०.१६ येतो, सातव्याचा ०.२९. दहाव्या वर्षी मुद्दलासह १०७ रुपये येतात, त्यांचा वाटा ५.०८. दहाही वाटे मिळवले की ७.०२ हे मॉडिफाइड ड्युरेशन मिळते.

दुसऱ्या पायरीला हे वाटे तंबूंमध्ये वाटायचे. तिसरे वर्ष २ आणि ५ यांच्यामध्ये, २ च्या जवळ आहे. म्हणून त्याच्या वाट्याचे दोन तृतीयांश २ वर्षांच्या खात्यात जातात आणि एक तृतीयांश ५ वर्षांच्या. सातव्या वर्षाचे ३/५ पाच वर्षांकडे, २/५ दहा वर्षांकडे. पहिले आणि दुसरे वर्ष पूर्ण २ वर्षांच्या खात्यात, दहावे पूर्ण १० वर्षांच्या खात्यात. वाटणी संपली की २ वर्षांवर ०.३५, ५ वर्षांवर ०.९९, १० वर्षांवर ५.६९ आणि ३० वर्षांवर शून्य उरते.

दोन दशांशांपर्यंतच्या या आकड्यांची बेरीज ७.०३ दिसते. तो पूर्णांकनाचा फरक आहे, आत पूर्ण दशांश ठेवले की ७.०२ च येते. फरक ०.०५ चा किंवा त्याहून मोठा असेल तर मात्र थांबा. बहुतेक वेळा टोकांचे अर्धे तंबू चुकलेले असतात आणि पहिल्या की रेटच्या अलीकडच्या रकमा वाटणीतून सुटलेल्या असतात.

ज्या रोख्यात कॉल किंवा पुटचा, म्हणजे मुदतीआधी तो परत घेण्याचा किंवा परत देण्याचा, पर्याय आहे त्याच्या रकमा ठरलेल्या नसतात, त्यामुळे ही वाटणीची रीत तिथे चालत नाही. तिथे वक्र खरोखर हलवून किंमत पुन्हा काढावी लागते. साध्या रोख्यांनाही ही रीत लावता येते आणि दोन्ही उत्तरे जुळली की खात्री पटते:

```python
import numpy as np
keys = [2, 5, 10, 30]

def price(flows, zero, k=None, h=0.0):
    bump = [h if x == k else 0.0 for x in keys]
    return sum(cf / (1 + zero(t) + np.interp(t, keys, bump))**t
               for t, cf in flows)

def krd(flows, zero, k, h=0.0001):
    up, dn = price(flows, zero, k, h), price(flows, zero, k, -h)
    return (dn - up) / (2 * h * price(flows, zero))

flows = [(t, 7) for t in range(1, 10)] + [(10, 107)]
for k in keys:
    print(k, round(krd(flows, lambda t: 0.07, k), 2))
```

`np.interp` टोकांपलीकडे शेवटचीच किंमत चालू ठेवते, त्यामुळे अर्धे तंबू आपोआप बरोबर बसतात. धक्का वर आणि खाली असा दोन्ही बाजूंनी दिला आहे, कारण एकाच बाजूने दिला तर किमतीच्या वक्रतेचा अंश ड्युरेशनमध्ये मिसळतो. पर्याय असलेल्या रोख्याचे मोल ट्री किंवा सिम्युलेशनने काढत असाल तर १ बेसिस पॉइंटचा धक्का फार लहान पडतो आणि उत्तर थरथरते. तिथे १० ते २५ बेसिस पॉइंट घ्या.

आता पीळ द्या

३० वर्षांच्या ७ टक्के रोख्याचे एकूण ड्युरेशन १२.४१ आहे. २ वर्षांच्या रोख्याचे १.८१, आणि ते सगळे २ वर्षांच्या खात्यात. दोन्ही मिळून ७.०२ भरावे यासाठी ३० वर्षांच्या रोख्यात बाजारमूल्याच्या ४९.२ टक्के आणि २ वर्षांच्या रोख्यात ५०.८ टक्के रक्कम लागते. हे प्रमाण बाजारमूल्याचेच हवे. दर्शनी मूल्याने भारित केले तर सवलतीत किंवा अधिमूल्याने मिळणारे रोखे असलेल्या पोर्टफोलिओत आकडे चुकतात, आणि बेरीज जवळपास जुळत असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. दोन टोकांच्या अशा मांडणीला बाजारात बारबेल म्हणतात आणि एकाच मुदतीवर एकवटलेल्या मांडणीला बुलेट.

| की रेट | ३० वर्षांचा रोखा | बुलेट | बारबेल | दरातला बदल |
|---|---|---|---|---|
| २ वर्षे | ०.३५ | ०.३५ | १.०९ | −४० |
| ५ वर्षे | ०.९९ | ०.९९ | ०.४९ | −१० |
| १० वर्षे | ४.१७ | ५.६९ | २.०५ | +१० |
| ३० वर्षे | ६.९० | ० | ३.४० | +४० |

शेवटच्या स्तंभातले आकडे बेसिस पॉइंटमध्ये आहेत. चारही बदलांची सरासरी शून्य येते, म्हणजे सरासरी बदलाला एकूण ड्युरेशनने गुणणाऱ्याचे उत्तर 'काहीच झाले नाही' असे येईल.

प्रत्येक ओळीत ड्युरेशनला दरातल्या बदलाने गुणायचे आणि चिन्ह उलटे करायचे. बुलेटला २ वर्षांवर ०.१४ टक्के आणि ५ वर्षांवर ०.१० टक्के फायदा होतो, १० वर्षांवर ०.५७ टक्के तोटा. गोळाबेरीज ०.३३ टक्के तोटा, म्हणजे १०० कोटींवर ३३ लाख. बारबेलला २ वर्षांवर ०.४४ आणि ५ वर्षांवर ०.०५ टक्के मिळतात, पण १० वर्षांवर ०.२१ आणि ३० वर्षांवर १.३६ टक्के जातात. एकूण १.०८ टक्के, म्हणजे १ कोटी ८ लाख. पीळ उलट दिशेने पडला असता तर बारबेलनेच जास्त कमावले असते.

हे फक्त ड्युरेशनवरून काढलेले अंदाजी उत्तर आहे, त्यात कॉन्व्हेक्सिटी, म्हणजे किमतीच्या वक्रतेचा परिणाम, नाही. संपूर्ण वक्र हलवून किंमत पुन्हा काढली तर बारबेलचा तोटा सुमारे ७ लाखांनी कमी भरतो, साधारण १ कोटी १ लाख. ३० वर्षांच्या मुद्दलावर ४० बेसिस पॉइंटचा धक्का असेल तर एवढा फरक पडायचाच. म्हणून नफातोट्याची फोड करताना आमचा आग्रह असा की की रेटचे वाटे, कॉन्व्हेक्सिटी आणि 'न समजलेला भाग' हे तीन आकडे वेगवेगळे लिहावेत. तिसरा आकडा रोज शून्याच्या आसपास असेल तर पद्धत ठीक आहे. तो ठरावीक दिशेने वाढत गेला तर चूक बहुधा की रेटच्या निवडीत असते.

समजा खऱ्या बाजारात २० वर्षांचा दर ४० बेसिस पॉइंटने वाढला. आपल्या चार बिंदूंच्या जाळ्यात १० आणि ३० यांच्या मधोमध २५ च पॉइंट धरले गेले. राहिलेले १५ पॉइंट न समजलेल्या भागात जातात. विमा कंपनी किंवा भविष्यनिर्वाह निधी यांच्याकडे १५ ते २५ वर्षांचे रोखे बरेच असतात. तिथे १५ आणि २० वर्षांचे बिंदू वाढवायलाच हवेत. भारत सरकार २०२३ पासून ५० वर्षांचे रोखेही काढते. शेवटचा की रेट ३० ठेवला तर ५० वर्षांच्या रोख्याची सगळी दूरची जोखीम ३० वर्षांच्या नावावर नोंदली जाते, आणि ३० वर्षांचे रोखे विकून ती झाकली असे वाटते. ती झाकलेली नसते. उलट, रोज व्यवहारच होत नाहीत अशा मुदतीवर बिंदू ठेवण्यात अर्थ नाही. तिथला दर शेजारच्या दरांवरूनच अंदाजला जातो.

शून्य-कूपन वक्र की पार वक्र

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, म्हणून जरा थांबून पाहू. वरच्या तक्त्यात ३० वर्षांच्या रोख्याचे ४.१७ इतके ड्युरेशन १० वर्षांच्या खात्यात दिसते. याचे कारण आपण शून्य-कूपन दर हलवले. ११ व्या ते २९ व्या वर्षाच्या व्याजाच्या रकमांवर १० वर्षांचा तंबू पसरतो, आणि त्या रकमा मिळून बऱ्याच मोठ्या आहेत.

आता तोच प्रयोग पार यील्डवर, म्हणजे रोख्याची किंमत बरोबर १०० यावी यासाठी लागणाऱ्या व्याजदरावर, करा. १० वर्षांचे पार यील्ड वाढवले, ३० वर्षांचे तसेच ठेवले आणि त्यावरून नवा शून्य-कूपन वक्र बांधला. ३० वर्षांचा रोखा पारवरच आहे आणि त्या मुदतीचे पार यील्ड हललेले नाही, तेव्हा त्याची किंमत १०० च राहणार. म्हणजे पार पद्धतीने त्याचे १० वर्षांचे की रेट ड्युरेशन शून्य आणि ३० वर्षांचे पूर्ण १२.४१. रोखा तोच, बाजार तोच, तरी आकडे निराळे. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाचे ड्युरेशन दुसऱ्याच्या दरबदलाला लावले की उत्तर बिघडते.

किती बिघडते ते आपल्याच उदाहरणात दिसते. ३० वर्षांचा शून्य-कूपन दर ४० बेसिस पॉइंटने वाढला, पण त्या पिळात ३० वर्षांच्या पार रोख्याची किंमत २.९४ टक्केच घसरते. तिला १२.४१ ने भागले तर पार यील्डची वाढ २४ बेसिस पॉइंटच्या आसपास येते. स्क्रीनवर दिसते ते रोख्याचे यील्ड, म्हणजे पार यील्डच्या जवळचा आकडा. स्क्रीनवर खरोखर ४० पॉइंटची वाढ दिसत असेल तर रोख्याचा तोटा जवळजवळ ५ टक्के आहे. तेच ४० पॉइंट शून्य-कूपन ड्युरेशनच्या तक्त्यात घातले तर २.९४ टक्केच दिसतील आणि तोट्याचा मोठा तुकडा नजरेआड जाईल.

म्हणून तक्त्याच्या डोक्यावरच वक्राचा प्रकार लिहा. वक्र बाहेरून घेत असाल तर दर कोणत्या चक्रवाढीचे आहेत तेही आधी वाचा: वार्षिक, सहामाही की सतत. सतत चक्रवाढीचे दर वरच्या कोडमध्ये जसेच्या तसे घातले तर किंमतच जुळणार नाही. आणि बाजारातली किंमत जुळत नाही तोवर ड्युरेशन काढायला घेऊ नये. ही तुलना करताना साठलेले व्याज धरून येणारी किंमत घ्या. सरकारी रोख्यांसाठी भारतात महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरून ते मोजतात.

पार पद्धतीत आणखी एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. कमी व्याजाच्या किंवा बिनव्याजी लांब रोख्याला मधल्या मुदतींवर उणे ड्युरेशन दिसते. ती चूक नव्हे. मधले पार यील्ड वाढले आणि लांबचे तिथेच राहिले, तर लांबचा शून्य-कूपन दर खाली यावा लागतो, आणि त्यामुळे बिनव्याजी रोखा वधारतो.

झाकायचे कसे, आणि कोणत्या क्रमाने

रोजच्या कामात टक्क्यांपेक्षा रुपये सोयीचे. ड्युरेशनला बाजारमूल्याने आणि ०.०००१ ने गुणले की त्या मुदतीच्या १ बेसिस पॉइंट बदलाचा रुपयांतला परिणाम मिळतो. बारबेलचा ३० वर्षांवरचा हा आकडा ३ लाख ४० हजार रुपये आहे.

समजा तो कमी करायला १० कोटींचे ३० वर्षांचे रोखे विकले. ३० वर्षांवरचे सुमारे ६९,००० रुपये सुटले. पण त्याच विक्रीने १० वर्षांवरचेही ४१,७०० रुपये, ५ वर्षांवरचे ९,९०० आणि २ वर्षांवरचे ३,५०० रुपये गेले. १० वर्षांची जोखीम पूर्वीइतकीच ठेवायची असेल तर ती भरून काढायला हवी. १० वर्षांच्या १ कोटीच्या रोख्यातून तिथे ५,६९० रुपये मिळतात, तेव्हा ७ कोटी ३३ लाखांची खरेदी लागते. या खरेदीतून ५ वर्षांवर सुमारे ७,२५० रुपयेही परत येतात, आणि तिथली तूट सुमारे २,६५० रुपयांवर उतरते.

यावरून क्रम ठरतो: सगळ्यात लांबच्या बिंदूपासून सुरुवात करायची आणि लहान मुदतीकडे यायचे. शून्य-कूपन पद्धतीत लांबचा रोखा अलीकडच्या सगळ्या खात्यांना हात लावतो, पण लहान मुदतीचा रोखा पलीकडच्या खात्याला लावत नाही. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक पुढची विक्री आधी जुळवलेले खाते पुन्हा मोडते आणि तुम्ही फेऱ्या मारत राहता.

पूर्ण शून्यापर्यंत नेण्याचा हट्ट मात्र धरू नका. एकच बिंदू हलवणारा तंबू बाजारात असा एकटा कधी येत नाही. तो फॉरवर्ड दरांमध्ये करवतीच्या दात्यांसारखे चढउतार निर्माण करतो आणि शेजारचे दर बहुतेक वेळा एकाच दिशेने हलतात. १० वर्षांवर ५,००० रुपये अधिक आणि ७ वर्षांवर ५,००० रुपये उणे असतील तर ती जोखीम खरेदी-विक्रीच्या दरांमधल्या फरकाहूनही स्वस्त असू शकते. २ वर्षांवर अधिक आणि ३० वर्षांवर तेवढेच उणे असेल तर मात्र तो पिळावर लावलेला खरा डाव आहे. मर्यादा ठरवताना प्रत्येक बिंदूला एक वेगळी मर्यादा ठेवावी आणि ५ वर्षांच्या अलीकडची बेरीज, १० वर्षांच्या पुढची बेरीज यांनाही एकेक ठेवावी. डावाचा आकार त्या दोन बेरजांच्या फरकात दिसतो.

तक्ता एकदा बनवून महिनाभर वापरता येत नाही. आज ५ वर्षांच्या बिंदूवर बरोबर बसलेला रोखा सहा महिन्यांनी साडेचार वर्षांचा झालेला असतो, आणि त्याच्या मुद्दलाचा सहावा भाग काही खरेदी-विक्री न होता २ वर्षांच्या खात्यात सरकलेला असतो. म्हणून तक्ता निदान दर आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या व्यवहारानंतर पुन्हा काढावा.